कंपनीच्या इतिहासाची कालरेषा : समान अंतर, नेमकी ओळ आणि वाचनाची दिशा

प्रस्तावना

एखाद्या उद्योगाचा शतकभराचा इतिहास एका पानावर मांडावयाचा झाल्यास कालरेषेचा आधार घेतला जातो. एक आडवी रेषा, तिच्यावर काही ठिपके, प्रत्येक ठिपक्याजवळ एक सन आणि एक ओळ, असे तिचे परिचित रूप असते. वार्षिक अहवाल, स्मरणिका, कारखान्याच्या प्रवेशदालनातील फलक आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प अशा अनेक ठिकाणी ती आढळते. तिची रचना सोपी भासते. तथापि ठिपके समान अंतरावर ठेवण्याचा निर्णय घेताच इतिहासाविषयी एक विधान नकळत केले जाते. प्रस्तुत लेखात किर्लोस्कर उद्योगसमूहाचे उदाहरण घेऊन अशा आकृतीची रचना, तिच्यातील ओळींचे लेखन आणि तिची मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

टप्प्यांची निवड

आकृती काढण्यापूर्वी ती कोणाची, हे ठरविणे आवश्यक असते. किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या कंपनीची नोंदणी १९२० साली झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावातील सायकलचे दुकान मात्र १८८८ चे आहे. 'कंपनीचा इतिहास' असे शीर्षक दिल्यास पहिली बत्तीस वर्षे त्यात बसत नाहीत. 'उद्योगसमूहाचा इतिहास' म्हटल्यास ती बसतात आणि पुढे निघालेल्या स्वतंत्र कंपन्याही त्यात घेता येतात. म्हणून येथे दुसरे शीर्षक स्वीकारले आहे.

या शीर्षकाखाली सात टप्पे निवडता येतात : १८८८ मध्ये बेळगावातील दुकान, १९०३ मध्ये लोखंडी नांगर, १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना व वसाहत, १९२० मध्ये कंपनीची नोंदणी, १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रहत्यारे बनविणारी म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स, आणि १९९७ मध्ये टोयोटाबरोबर स्थापन झालेली मोटार कंपनी. हे सातही टप्पे आरंभाचे आहेत. 'आरंभ' हा एकच निकष लावल्यामुळे पुरस्कार, भेटी, वर्धापनदिन अशा गोष्टी आपोआप वगळल्या जातात. निकष निश्चित नसेल तर टप्प्यांची संख्या वाढत जाते आणि प्रत्येक विभागाचा आग्रह पुरविता पुरविता आकृती वाचनीय राहत नाही.

समान अंतर का?

कालरेषेचे मूळ तत्त्व वेगळे आहे. जोसेफ प्रिस्टली या इंग्रज विद्वानाने १७६५ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रविषयक तक्त्यात रेषेची लांबी कालावधीच्या प्रमाणात होती. जितकी वर्षे अधिक, तितकी रेषा लांब. तेच तत्त्व वरील सात टप्प्यांना लावून पाहता येते. ए-४ आकाराचा आडवा कागद २९७ मिलिमीटर रुंद असतो. पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यांमध्ये २१६ मिलिमीटर अंतर ठेवल्यास १८८८ ते १९९७ या १०९ वर्षांतील प्रत्येक वर्षाला सुमारे २ मिलिमीटर जागा मिळते. म्हणजे १९४१ आणि १९४६ हे ठिपके एकमेकांपासून केवळ १० मिलिमीटरवर येतात. तेवढ्या जागेत दोन ओळी शेजारी शेजारी बसत नाहीत; त्या एकमेकींवर चढतात. उलट १९४६ ते १९९७ या टप्प्यांत सुमारे १०१ मिलिमीटर कोरी रेषा उरते.

समान अंतराची रचना या अडचणीतून निघते. तिच्यात प्रत्येक टप्प्याला समान जागा मिळते, ओळी मोकळ्या राहतात आणि क्रम स्पष्ट होतो. तथापि या सोयीसाठी कालावधीची माहिती रेषेतून काढून घेतलेली असते. पाच वर्षे आणि एक्कावन्न वर्षे आता सारखीच दिसतात. हे लक्षात ठेवूनच पुढची आखणी करावी लागते.

आखणीची रीत

नवशिक्या आखणीकाराची सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिला ठिपका डाव्या समासाला आणि शेवटचा उजव्या समासाला चिकटविणे. ठिपका काठावर गेला की त्याच्याखाली मध्यभागी येणारी ओळ अर्धी कागदाबाहेर जाते. मग ती ओळ आत सरकविली जाते आणि ती नेमकी कोणत्या ठिपक्याची, हे कळेनासे होते.

यावर उपाय असा की, प्रथम रेषा न विभागता जागा विभागावी. दोन्ही बाजूंना साडेबावीस मिलिमीटर समास सोडल्यास २५२ मिलिमीटर जागा उरते. तिचे सात समान स्तंभ केले असता प्रत्येक स्तंभ ३६ मिलिमीटरचा होतो. ठिपका स्तंभाच्या मध्यभागी ठेवावयाचा. पहिला ठिपका कागदाच्या डाव्या कडेपासून साडेचाळीस मिलिमीटरवर येतो आणि पुढचा प्रत्येक ठिपका ३६ मिलिमीटरने उजवीकडे सरकतो. शेवटचा ठिपका उजव्या कडेपासूनही साडेचाळीस मिलिमीटरवर आला, तर मोजणी बरोबर झाली असे समजावे. ओळीसाठी स्तंभातील ३२ मिलिमीटर वापरून दोन्ही बाजूंना दोन दोन मिलिमीटर मोकळे सोडले की शेजारच्या ओळी एकमेकींना भिडत नाहीत.

संगणकावर हेच काम Distribute Horizontally या आज्ञेने करता येते. मात्र पॉवरपॉइंटसारख्या प्रणालीत ही आज्ञा वस्तूंच्या कडांमधील मोकळी जागा समान करते. वस्तूंच्या मध्यबिंदूंमधील अंतर नव्हे. ठिपका आणि लहानमोठी ओळ यांचा गट करून ती दिली, तर ओळींमधील फटी समान होतात आणि ठिपके मात्र वेडेवाकडे पसरतात. म्हणून आधी सारख्या आकाराचे ठिपके समान अंतरावर ठेवावेत आणि नंतरच सारख्या रुंदीच्या चौकटींत ओळी लिहाव्यात.

ओळींचे लेखन

बत्तीस मिलिमीटर रुंदीत नऊ बिंदूंच्या देवनागरी अक्षरांत साधारणपणे दोन ते तीन शब्द मावतात. तीन पंक्तींची मर्यादा घातली, तर एका टप्प्याला सहा ते आठ शब्द मिळतात. मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येत असल्याने शब्द लांबतात आणि 'किर्लोस्करवाडीच्या' यासारखा शब्द पंक्तीचा मोठा भाग व्यापतो. याशिवाय वेलांट्या आणि उकार यांच्यासाठी दोन पंक्तींमध्ये पुरेशी जागा सोडावी लागते. ती न सोडल्यास वरच्या पंक्तीचा उकार खालच्या पंक्तीच्या मात्रेवर आदळतो.

१९१० च्या टप्प्याचा पहिला मसुदा बहुधा असा होतो : 'लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या अधिपतींच्या साहाय्याने कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना व कामगारांची वसाहत उभारली व ती पुढे किर्लोस्करवाडी म्हणून प्रसिद्ध झाली.' यात चार गोष्टी आहेत. टप्पा मात्र एकाच गोष्टीचा आहे. 'कुंडलच्या माळावर कारखाना व वसाहत' एवढे पाच शब्द त्याला पुरेसे होतात. औंधच्या अधिपतींचे साहाय्य सोबतच्या मजकुरात यावे. सन ठिपक्याजवळ ठळक छापलेला असल्याने ओळीत त्याची पुनरुक्ती नको.

सर्व ओळींची व्याकरणिक घडण एकसारखी असावी, हेही तितकेच महत्त्वाचे. 'पहिला लोखंडी नांगर', 'बेळगावात सायकलचे दुकान', 'पुण्यात तेल इंजिनांची कंपनी' या तिन्ही ओळी नामांवर संपतात. त्यांच्यामध्ये 'कंपनीची नोंदणी करण्यात आली' अशी क्रियापदाची ओळ आल्यास वाचक अडखळतो आणि तोच टप्पा अधिक मोठा असल्याचा भास होतो.

संक्षेपाची किंमतही ध्यानात घ्यावी. 'पहिला लोखंडी नांगर' या ओळीने १९०३ चा ठिपका विजयाचा वाटतो. प्रत्यक्षात लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते अशी समजूत असल्याने शेतकरी हा नांगर घेण्यास तयार नव्हते आणि सुरुवातीची विक्री होण्यास बराच काळ लागला. ठिपका उत्पादनाचा सन सांगतो, स्वीकाराचा नव्हे.

वाचनाची दिशा

देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचली जाते. म्हणून जुना सन डावीकडे असावा. दिशा दाखविण्यासाठी रेषेच्या उजव्या टोकाला एकच बाण पुरेसा होतो. प्रत्येक दोन ठिपक्यांमध्ये बाण काढले, तर पहिली घटना दुसरीचे कारण आहे असा अर्थ निघू लागतो. १९४१ ची हरिहरची कंपनी आणि १९४६ ची पुण्याची कंपनी यांच्यात तसा बाण काढणे योग्य ठरणार नाही.

ओळी एकाआड एक रेषेच्या वर आणि खाली लिहिण्याची पद्धत प्रचलित आहे. तिच्यामुळे रुंदी जवळजवळ दुप्पट मिळते. परंतु अनेक वाचक आधी वरची सगळी रांग आणि नंतर खालची रांग वाचतात. १८८८ नंतर थेट १९१० वाचले जाते. सात टप्पे एका बाजूला मावत असल्याने येथे तिची गरज नाही. टप्पे बारा झाल्यास दोन रांगा कराव्यात. मात्र दुसरी रांग पुन्हा डावीकडूनच सुरू व्हावी. नागमोडी वळण घेऊन ती उजवीकडून डावीकडे नेल्यास सनांचा क्रम उलटा वाचला जातो.

लपलेला काळ

समान अंतरामुळे हरवलेला कालावधी परत देण्याचा साधा मार्ग म्हणजे दोन ठिपक्यांमधील रेषेवर बारीक अक्षरांत वर्षांची संख्या लिहिणे : १५, ७, १०, २१, ५, ५१. या संख्यांची बेरीज १०९ येते, हा हिशोब तपासून घ्यावा. अखेरच्या अंतरात रेषा तुटक काढल्यास डोळ्यालाही इशारा मिळतो. रेषेवर मोजपट्टीसारख्या बारीक खुणा मात्र कधीही काढू नयेत. त्या प्रमाणबद्धतेचे खोटे आश्वासन देतात. त्याच कारणाने रेषा वर चढत जाणारी काढू नये. चढ दिसला की वाचक तो वाढीचा आलेख समजतो आणि येथे तर कोणतीही वाढ मोजलेली नसते.

आकृती पूर्ण झाल्यावर ती विषयाशी अपरिचित अशा एका व्यक्तीसमोर ठेवून दोन प्रश्न विचारावेत. सर्वांत जुनी घटना कोणती? आणि कोणत्या दोन घटनांमध्ये सर्वाधिक काळ गेला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच आले नाही, तर दिशा अस्पष्ट आहे. दुसऱ्या प्रश्नावर 'सगळीकडे सारखाच' असे उत्तर आले, तर वर्षांच्या संख्या ठळक कराव्या लागतील.

समारोप

समान अंतराची कालरेषा क्रम सांगते, गती सांगत नाही. १९४६ ते १९९७ या एक्कावन्न वर्षांत उद्योगसमूहात काहीच घडले नाही, असा तिचा अर्थ नाही. निवडलेल्या निकषानुसार त्या काळातून एकही टप्पा घेतला गेला नाही, एवढाच आहे. तसेच केवळ आरंभ नोंदविणाऱ्या आकृतीत बंद पडलेले, विकलेले वा विभागलेले उद्योग दिसत नाहीत. हा निकष आकृतीखाली एका वाक्यात नमूद केला, तर तेच छत्तीस मिलिमीटरचे अंतर वाचकाची दिशाभूल न करता त्याची सोय करते.