तीस जणांसाठी कस्टर्ड पुडिंग: पावडर, दूध आणि साखरेचे प्रमाण कसे काढावे

कस्टर्ड पावडरच्या पाकिटावर साधारणपणे अर्धा लिटर दुधासाठी प्रमाण दिलेले असते: दोन सपाट चमचे पावडर आणि दोन-तीन चमचे साखर. चार-पाच जणांसाठी ते ठीक आहे. पार्टीत तीस जण येणार असतील, तर बहुतेक जण सरळ सहाने गुणतात आणि बारा चमचे पावडर तीन लिटर दुधात घालतात. पुडिंग मग एक तर कपात पाण्यासारखे हलते, नाही तर त्यात चमचा उभा राहतो. असे का होते आणि आकडे कसे काढायचे, ते पाहू.

आधी ही पावडर म्हणजे काय ते समजून घेऊ. १८३७ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी अंड्याशिवाय होणारे कस्टर्ड तयार केले, कारण त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. अंड्याचे काम तेव्हापासून स्टार्च करतो. आपल्याकडच्या पाकिटातही मुख्यतः मक्याचा स्टार्च, म्हणजे कॉर्नफ्लोअर असते. त्यात रंग, व्हॅनिलाचा स्वाद आणि किंचित मीठ मिसळलेले असते. म्हणून कस्टर्ड किती घट्ट होईल हा प्रश्न खरे तर एवढाच आहे: दुधात स्टार्च किती टक्के आहे आणि तो पूर्ण शिजला का?

आता चमच्याकडे वळू. एक सपाट मोठा चमचा पावडर साधारण १० ग्रॅम भरते. तोच चमचा शिगोशीग भरला तर १४-१५ ग्रॅम सहज येते. अर्ध्या लिटरला दोन चमचे घेताना हा फरक ८-१० ग्रॅमचा असतो. बारा चमच्यांना तो ५०-६० ग्रॅमवर जातो. काही चमचे जास्त, काही कमी भरले असते तर चुका एकमेकींना थोड्याफार खोडून काढतात. पण एकाच हाताने भरलेले चमचे सगळे एकाच बाजूला चुकतात, त्यामुळे ही चूक बेरजेत जाते. मोठ्या प्रमाणाला म्हणून चमचा सोडा, वजन घ्या. काटा नसेल तर पाकीट हेच माप समजा. त्यावर वजन छापलेले असते.

वजनात मांडले की पाकिटावरचे प्रमाण दर लिटरला ४० ग्रॅम, म्हणजे ४ टक्के येते. (इथे टक्का म्हणजे १०० मिली दुधामागे ग्रॅम.) हे ओतण्याजोगे कस्टर्ड आहे; वाटीतल्या फळांवर घालायला किंवा जेलीबरोबर द्यायला. साच्यातून उलटे काढायचे, सुरीने कापायचे पुडिंग हवे असेल तर ८ टक्क्यांपर्यंत जावे लागते. पार्टीत आपण बहुधा छोट्या कपांत तळाशी केकचा तुकडा, वर कस्टर्ड आणि त्यावर फळे असे पुडिंग देतो. ते चमच्याने खाता यावे, पण त्यावर ठेवलेली फळे बुडू नयेत. त्यासाठी ६ टक्के बरोबर बसतात.

तीस कपांचा हिशेब करू. प्रत्येक कपात १०० मिली कस्टर्ड धरले तर ३ लिटर दूध लागेल. साखर आणि पावडरीने आकारमान थोडे वाढते, वाफेने आणि भांड्याला चिकटून थोडे कमी होते. दोन्ही जवळपास सारखे, म्हणून वेगळी भर घालायला नको. पावडर ६ टक्क्यांनी १८० ग्रॅम. शंभर ग्रॅमची दोन पाकिटे आणा आणि त्यातली दोन सपाट चमचे पावडर बाजूला ठेवा. ती पुढे उपयोगी पडेल. साखर १० टक्क्यांनी ३०० ग्रॅम. गार पदार्थात गोडी कमी जाणवते, त्यामुळे गरम कस्टर्ड चाखताना ते जिभेला किंचित जास्त गोड लागले पाहिजे. केक बराच गोड असेल तर २४० ग्रॅम पुरे.

प्रमाण गुणाकाराने वाढते, शिजण्याची वेळ तशी वाढत नाही, आणि मोठ्या पातेल्यात गडबड होते ती इथेच. तीन लिटरपैकी ६०० मिली गार दुधात पावडर कालवायची आणि उरलेले २.४ लिटर दूध साखर घालून उकळीला आणायचे. ९५ अंशांच्या दुधात १० अंशांचे मिश्रण पडले की सगळे साधारण ७८ अंशांवर येते. मक्याचा स्टार्च ६५-७० अंशांच्या आसपास फुगू लागतो, त्यामुळे मिश्रण लगेच दाट दिसते आणि आपण गॅस बंद करतो. पण पूर्ण दाटपणा ९५ अंशांच्या जवळ येतो. साडेतीन किलो मिश्रण ७८ वरून ९५ वर न्यायला सुमारे २२० किलोज्यूल उष्णता हवी. घरच्या मोठ्या बर्नरवरून भांड्यात सुमारे एक किलोवॉट पोहोचते असे धरले, तर पूर्ण आचेवर पावणेचार मिनिटे लागतात. दाट झालेले कस्टर्ड पूर्ण आचेवर तळाला लागते, म्हणून मंद-मध्यम आचेवर सात-आठ मिनिटे सतत ढवळायची तयारी ठेवा. जाड, फुटणारे बुडबुडे येऊ लागले की आणखी दोन मिनिटे. कच्चे राहिलेले कस्टर्ड जिभेवर पिठूळ लागते, ही खूण विसरू नका.

पावडर दुधात विरघळत नाही, तळाशी बसते. कालवून ठेवलेले मिश्रण ओतण्याच्या क्षणी पुन्हा ढवळले नाही, तर अर्धा स्टार्च वाटीच्या बुडाशीच राहतो आणि तुमचे ६ टक्के प्रत्यक्षात ३ होतात. गुठळ्यांपेक्षा या कारणाने बिघडलेली पुडिंग्ज जास्त असावीत असे माझे मत आहे.

गरम असताना दाटपणा डोळ्यांनी ठरवू नका. स्टीलची ताटली आधी फ्रीजरमध्ये ठेवा, तिच्यावर चमचाभर कस्टर्ड घालून दोन-तीन मिनिटांनी बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली नाही तर पुरे. मिटली, तर बाजूला ठेवलेली पावडर थोड्या गार दुधात कालवून घाला आणि पुन्हा उकळी आणा. फार दाट झाले असेल तर गरम दूध थोडे थोडे घालून फेटा. हे सगळे कप भरण्यापूर्वी करायचे. एकदा गार होऊन बसलेले कस्टर्ड ढवळले की त्याची घडी मोडते, ते सैल होते आणि परत तसे बसत नाही.

खोल पातेल्यात तीन लिटर कस्टर्ड तासन्‌तास कोमट राहते, आणि कोमट दूध जंतूंना फार सोयीचे. ढवळले नाही तर थर निवायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: जाडी निम्मी केली तर वेळ चौथाई. म्हणून गरम असतानाच कपांत भरा, वाफ थोडी गेली की झाका आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.

फळे कपामागे ४० ग्रॅम, म्हणजे साफ केलेली सव्वा किलो. द्राक्षे, डाळिंबाचे दाणे, सफरचंद चालतील. त्यांना साखर लावून ठेवू नका. साखर फळातले पाणी बाहेर ओढते आणि ते कस्टर्डवर साचते. कच्चा अननस घालू नका, त्यातील एन्झाइम दुधातील प्रथिने तोडते आणि चव कडवट होते. केळे वाढताना कापा.

शंभर जण असतील तर दहा लिटर एका पातेल्यात शिजवू नका. साडेतीन-साडेतीन लिटरच्या तीन खेपा करा. घरच्या बर्नरवर त्याहून मोठ्या पातेल्याचा तळ करपतो आणि वरचा थर मात्र कच्चा राहतो.