विश्रांती किती? नाडीला विचारा

जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांनी धावपटूंची विश्रांती नाडीवर बेतली. नाडी 180पर्यंत चढेल असं धावायचं, ती 120वर उतरली की पुन्हा सुटायचं. उतरायला दीड मिनिटाहून जास्त लागलं, तर धाव झेपली नाही असं समजायचं.

नवशिक्याने 180चा नाद सोडावा. 220मधून वय वजा केलं की कमाल नाडीचा ढोबळ अंदाज येतो; चाळिशीत तो 180. म्हणून 145-150 पुरे. पाच मिनिटं साधं चालून झालं की एक मिनिट झपाझप जिने चढावेत. मग सपाटीवर रमतगमत फिरत, मनगटावर बोटं ठेवून दहा सेकंद ठोके मोजावेत. वीस भरले म्हणजे नाडी 120. पुढची फेरी सुरू.

नाडी श्रमांच्या थोडी मागून चढते, त्यामुळे पहिल्या फेरीत आकडा कमी दिसला म्हणून वेग वाढवू नये. दीड मिनिटात ती उतरेनाशी झाली, की त्या दिवशीच्या फेऱ्या संपल्या, मग त्या चार असोत वा सहा. शेवटी पाच मिनिटं सावकाश चालावं. सगळं वीस मिनिटांत आटोपतं.

बीटा-ब्लॉकर गोळ्या नाडी दाबून ठेवतात. त्या घेणाऱ्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.