दुकानाच्या जुन्या वहीतल्या दोन उभ्या रेघा

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या सीमेकडे हरसूल आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी वस्तीच्या या डोंगरपट्ट्यात नागली, वरई आणि भात पिकतं. पावसाळ्याच्या तोंडाशी घरातली कणगी रिकामी होते, आणि जुन्या काळी अशा वेळी माणूस दुकानदाराच्या दारी जाई. धान्य उधार मिळे, पीक आल्यावर ते वाढीदिढीने, म्हणजे दीडपट, फेडायचं असे. या व्यवहाराचा कागदावरचा पुरावा म्हणजे दुकानदाराची लाल कापडी पुठ्ठ्याची वही. तिच्यातून नोंदी उतरवून घेणं हे नकलेचं काम आहे असा सर्वसाधारण समज आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. अशा वहीत खाडाखोड आणि ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा याही नोंदीच असतात, आणि त्या कोणत्या क्रमाने उलगडल्या यावर कोणाकडे काय बाकी होतं याचं उत्तर बदलतं.

सगळ्यात मोठी अडचण दोन उभ्या रेघांची. जुन्या मराठी लिखाणात अक्षरापुढे ॥ आलं की शब्द आखूड केला असं समजायचं: रा॥ म्हणजे राहणार, मौ॥ म्हणजे मौजे, ह॥ म्हणजे हस्ते. आकड्यापुढे त्याच दोन रेघा आल्या की अर्धा: २॥ म्हणजे अडीच, म्हणजे दोन रुपये आठ आणे. रकमेच्या जागी एकटंच ॥ असेल तर नुसते आठ आणे. आणि नावाखाली, तिथीखाली किंवा जिनसेखाली एकट्या दोन रेघा आल्या की ‘वरीलप्रमाणे’. या वह्यांना बहुधा छापील रकाने नसत. कागदाला उभ्या घड्या घालत आणि त्या घड्याच रकान्यांचं काम करत. घडी पुसट झाली किंवा लिहिणाऱ्याचा हात बोटभर सरकला, की खूण कोणत्या रकान्यातली हे कळेनासं होतं. म्हणून उतरवणाऱ्याने आधी घड्या शोधायच्या, अक्षर नंतर वाचायचं. पानावर तिरपा उजेड पाडला की घडीची उंचवट पुष्कळदा दिसते.

नमुन्यासाठी एका गिऱ्हाइकाच्या खात्याची नावेबाजू घेऊ. ओळी आणि भाव समजावण्यापुरते रचलेले आहेत, पण लिहिण्याची रीत अशीच असते. पहिली ओळ: ज्येष्ठ शु॥ ५, नागली २ पायली, २॥. दुसरी: ॥ ५, ॥ १ पायली, १।. तिसरी: ॥ ८, मीठ १ पायली, ॥. चौथी: ॥ ११, नागली २ पायली, २॥, आणि या सबंध ओळीवर आडवी रेघ. पाचवी: ॥ ११, ॥ ३ पायली, ३॥।. खाली एकूण ८.

दुसऱ्या ओळीतल्या जिनसेखालच्या रेघा नागली सांगतात, आणि ते भावावरून पडताळता येतं: दोन पायलीचे अडीच रुपये, तर एका पायलीचा सव्वा, आणि एका उभ्या रेघेची १। ही रक्कम सव्वाच आहे. तिसऱ्या ओळीत खरी गफलत होते. तिथे रकमेच्या जागी असलेलं ॥ कोणी ‘वरीलप्रमाणे’ समजला तर मिठाची पायली सव्वा रुपयाची होते आणि एकूण पावणेनऊ येतं. आठ आणे धरले तर अडीच, सव्वा, अर्धा आणि पावणेचार मिळून बरोबर आठ होतात. त्या बेरजेत चौथ्या ओळीचे अडीच रुपये बसत नाहीत, म्हणजे दुकानदाराने ती ओळ लिहून रद्द केली आणि खाली तीन पायलीची दुरुस्त ओळ लिहिली. एकूण साडेदहा असतं, तर त्याच आडव्या रेघेचा अर्थ उलटा झाला असता: रक्कम खात्यात धरलेली आहे, आणि रेघ नंतर, फेड झाल्यावर किंवा बाकी नव्या वहीत ओढल्यावर मारलेली आहे. तशा वेळी शेजारी ‘चुकते’ किंवा नव्या वहीचा पान आकडा सापडण्याचा संभव असतो, आणि शाईही बहुधा वेगळी असते.

आता पाचवी ओळ. खोडलेलं नको म्हणून चौथी ओळ आधीच वगळली, तर पाचवीतल्या रेघा तिच्या वरच्या, म्हणजे तिसऱ्या ओळीशी जोडल्या जातात. मग गिऱ्हाइकाने तीन पायली मीठ नेलं असं कागद सांगू लागतो. एकूण तरीही आठच येतं. बेरीज ही चूक पकडत नाही, ती पकडतो भाव. मीठ आठ आणे पायली असताना तीन पायलीचे पावणेचार रुपये होणार नाहीत, दीडच होतील. सव्वा रुपया पायलीची नागली मात्र चोख बसते. म्हणून क्रम असा हवा: खोडलेल्या ओळींसकट सगळ्या ओळी उतरवायच्या, मग ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा भरायच्या, आणि कोणती ओळ हिशेबात धरायची ते त्यानंतर ठरवायचं. हरसूलसारख्या ठिकाणी हा फरक जिनसेपुरता राहत नाही. मीठ ही साधी उधारी, ज्येष्ठातली नागली ही खावटी. तीन पायली नागलीचं मीठ झालं की त्या घराची पेरणीच्या तोंडची टंचाई कागदावरून पुसली जाते, आणि सुगीत दीडपट धान्य जमा झालेलं दिसलं तर ते कशापोटी आलं हेही कळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की शेवटची बाकी तेवढी हवी असताना खोडलेल्या ओळींचा पसारा कशाला. पण बाकी योग्य की अयोग्य हे ठरवायचं साधन त्या ओळींतच असतं. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३४ व्या कलमाने नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतली नोंद ग्राह्य धरली, पण केवळ त्या नोंदीवर कोणाला देणेकरी ठरवू नये असंही घातलं. वही नियमित ठेवली होती का, हे बघायचं तर खाडाखोड कुठे, कोणत्या शाईत आणि बेरजेच्या आधी झाली की नंतर, हेच बघावं लागतं. स्वच्छ नकलेत नेमकं तेच नाहीसं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दुकानदाराची बेरीजच चुकली असेल, किंवा मुद्दाम फुगवली असेल, तर तिच्यावर विसंबून वाचन कसं पक्कं करायचं? हे खरं आहे, आणि म्हणूनच बेरीज एकटी पुरत नाही. भाव आणि बेरीज दोन्ही जुळले तर वाचन पक्कं मानावं. भाव जुळतो पण बेरीज जुळत नाही, तेव्हा बेरीज दुरुस्त करू नये. लिहिलेली आणि आलेली अशा दोन्ही रकमा शेजारी ठेवाव्यात आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ काय ओढलं ते बघावं. चुकलेली रक्कमच पुढे ओढली गेली असेल, तर गिऱ्हाइकाकडून वसूलही तीच धरली गेली, आणि अभ्यासकाला ही गोष्ट बरोबर बेरजेपेक्षा मोलाची आहे. नावांच्या बाबतीत मात्र बेरीज आणि भाव दोन्ही मुके असतात. रोजमेळात एका नावाखाली रेघा असतील, तर तोच माणूस की फक्त गाव तेच, हे रकान्यावरूनच ठरतं. तिथे शंका असेल तर शंका म्हणूनच लिहावी. पानाच्या पहिल्याच ओळीत ‘वरीलप्रमाणे’ची खूण दिसली, तर मधलं पान गहाळ आहे का किंवा शिवताना पानं उलटसुलट झाली आहेत का, ते आधी तपासावं.

१ एप्रिल १९५७ च्या आसपासच्या वह्यांत आणखी एक सावधगिरी लागते. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस पैसे नेमके होतात, पण एका आण्याचे सव्वासहा. सगळ्या रकमा दशांशात घालण्याच्या घाईत पाव पैसा इकडचा तिकडे होतो आणि पानाची बेरीज लागेनाशी होते. आणे आण्यांतच ठेवून बेरीज करावी, रूपांतराचा रकाना वेगळा असावा. पायलीचे किलोही करू नयेत. पायली हे आकारमानाचं माप आहे, आणि पायलीभर नागलीचं वजन पायलीभर मिठाइतकं भरत नाही.

एवढ्याने काम संथ होतं, हा तिसरा आक्षेप मला मान्य आहे. पण संथपणा फक्त पहिल्या काही पानांवर असतो. एका दुकानदाराचा हात, त्याची आखूड रूपं आणि त्या हंगामाचे भाव एकदा लक्षात आले की पुढची पानं भराभर लागतात.

हरसूल, पेठ, सुरगाणा भागात ज्यांच्या माळ्यावर अशी वही असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये आणि शिवणही उसवू नये. पानं आहेत त्या क्रमाने, कोरी आणि खोडलेली धरून, फोटो काढून ठेवावेत. उतरवायला बसल्यावर पहिल्या रकान्यात पान आणि ओळीचा आकडा, दुसऱ्यात जसं लिहिलंय तसं, तिसऱ्यात उलगडा आणि चौथ्यात खोडलं असल्यास ते कशाने व कोणत्या शाईने, एवढं लिहावं. दुसरा रकाना नंतर कधीही बदलू नये.