जोत्यात मुरूम किती लागेल?

घराचं बांधकाम सुरू झालं, भिंती जोत्यापर्यंत वर आल्या, की पहिला मोठा खर्च मातीचा येतो. मालक गवंड्याला विचारतो, "भरायला किती लागेल?" गवंडी जोत्यावरून एक फेरी मारतो, मनात लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करतो आणि सांगतो, "वीसेक ब्रास मागवून ठेवा." हा अंदाज कधी बरोबर निघतो, कधी चार ट्रॉल्या मुरूम दारात उरतो, आणि कधी भराव अपुरा पडूनही कोणाच्या लक्षात येत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. वर्ष-दोन वर्षांनी खोलीच्या मधोमध फरशी पोकळ वाजू लागते, भिंतीच्या पायथ्याशी स्कर्टिंगखाली फट दिसते, आणि दुरुस्ती करायची तर फरशी, काँक्रीट, सोलिंग सगळं उचकटावं लागतं.

मुळात एकच मुरूम तीन ठिकाणी तीन वेगवेगळ्या आकारमानांचा असतो. खाणीत तो दाबून बसलेला असतो. खणून ट्रॉलीत टाकला की खडे आणि मातीच्या कणांमध्ये हवा शिरते आणि तो फुगतो. जोत्यात थर देऊन, पाणी मारून, धुम्मस केली की ती हवा निघते आणि तो पुन्हा आक्रसतो. घरातल्या डब्यात पीठ ओतलं की काठापर्यंत येतं आणि डबा आपटला की चार बोटं खाली जातं, तसंच हे आहे. मालक पैसे देतो ते ट्रॉलीतल्या फुगलेल्या मुरुमाचे, आणि त्याला हवा असतो तो जोत्यातला दाबलेला मुरूम. या दोहोंतला फरक आधी हिशेबात धरला नाही, तर तो नंतर फरशीखाली दिसतो.

उदाहरण म्हणून मराठवाड्यातल्या काळ्या रानात बांधलं जाणारं एक साधं घर घेऊ. बाहेरून बाहेर ३२ फूट लांब आणि २४ फूट रुंद. समोर दोन खोल्या, मागे दोन खोल्या, सगळ्या भिंती ९ इंची. गवंड्याचा तोंडी हिशेब बाहेरच्या मापावर चालतो: ३२ गुणिले २४, म्हणजे ७६८ चौरस फूट. पण माती भिंतीत भरायची नसते. लांबीत तीन भिंती आडव्या येतात, त्यांचे सव्वादोन फूट वजा केले की २९.७५ फूट उरतात. रुंदीतही तसंच करून २१.७५ फूट. आतली भरायची जागा भरते ६४७ चौरस फूट. नुसत्या भिंतींनी १२१ चौरस फूट खाल्ले, म्हणजे सहाव्या हिश्शाच्या जवळपास.

आता खोली. इथे बहुतेक हिशेब चुकतात, कारण जोत्याची उंची आणि भरावाची उंची एकच समजली जाते. जमीन क्वचितच सपाट असते. पाण्याची लेव्हल नळी घेऊन जोत्याच्या माथ्यापासून चारही कोपऱ्यांत जमीन किती खाली आहे ते मोजलं, आणि मापं २ फूट, २ फूट ४ इंच, २ फूट ८ इंच आणि ३ फूट आली असं धरू. सरासरी अडीच फूट. काळ्या रानात वरचा थर काढून टाकावाच लागतो. त्यात गवताची मुळं असतात आणि ती माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आटून भेगाळते. तो थर ६ इंच काढला, की खोली ३ फूट झाली. याच कारणासाठी पायाच्या चरातून निघालेली काळी माती जोत्यात परत ढकलायची नसते, कितीही फुकट असली तरी. चरातून मुरूमच निघाला असेल तर गोष्ट वेगळी. तो बाजूला ढीग करून ठेवावा आणि मागवायच्या मालातून वजा करावा.

वरच्या बाजूने मात्र वजाबाकी आहे. भरावावर ९ इंची दगडी सोलिंग येणार आणि त्यावर ३ इंच काँक्रीट. दोन्ही मिळून एक फूट. फरशी त्याच्याही वर, जोत्याच्या माथ्यापलीकडे. म्हणजे मुरुमाला उरले नेमके २ फूट. ६४७ गुणिले २ म्हणजे १,२९४ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा दाबून बसलेला मुरूम हवा जवळपास १३ ब्रास.

हे १३ ब्रास ट्रॉलीचे नाहीत, जोत्यातले आहेत. ट्रॉलीतून उतरलेला मुरूम नीट धुम्मस केल्यावर पाचव्या हिश्शाने, म्हणजे २० टक्क्यांनी बसतो असं धरलं, तर किती मागवायचा? बरेच जण १३ मध्ये २० टक्के मिळवतात आणि साडेपंधरा ब्रासवर थांबतात. हिशेब असा होत नाही. घट आणलेल्या मालात होते, बसलेल्या मालात नाही. शंभर घनफूट आणले तर ८० उरतात; म्हणून हवं असलेलं माप ०.८ ने भागायचं. १,२९४ भागिले ०.८ म्हणजे १,६१७ घनफूट, जवळपास १६ ब्रास. साडेपंधरा आणि सोळा यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो. जोत्यात मात्र त्याचा अर्थ असा, की चारही खोल्यांत भराव इंचभर कमी पडतो आणि ती उणीव अखेरीला सैल मुरूम पसरून झाकली जाते.

गंमत अशी की गवंड्याचा "वीसेक ब्रास" सोळाच्या फार दूर नाही. बाहेरचं माप आणि जोत्याची पूर्ण उंची घेतली तर ७६८ गुणिले अडीच, म्हणजे १९ ब्रासच्या वर आकडा येतो. भिंती आणि सोलिंग वजा न केल्यामुळे जो जास्तीचा मुरूम धरला गेला, त्यातच बसण्याची घट भरून निघाली. दोन चुकांनी एकमेकींना सावरलं. सोलिंग न करता भरावावर थेट काँक्रीट टाकायचं असेल, किंवा काळी माती फूट-दीड फूट खोल काढावी लागली, की हाच अंदाज सरळ तोट्यात जातो.

२० टक्के हा आकडा तरी कुठून आला? तो मालाप्रमाणे बदलतो. खडा आणि बारीक माती यांचं मिश्रण चांगलं असलेला मुरूम कमी बसतो, ढेकळांचा किंवा मातकट माल जास्त बसतो. म्हणून पहिली ट्रॉली मोजून टाकणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. ट्रॉली आतून मोजावी: समजा साडेनऊ फूट लांब, सहा फूट रुंद, पावणेदोन फूट खोल. ती जवळपास १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास भरते. मधे शीग असली तरी कडा रिकाम्या आहेत का ते फावड्याने सपाट करून बघावं. मग ती पूर्ण ट्रॉली, तळ सपाट केलेल्या एकाच खोलीत पसरावी. आपल्या घरातली प्रत्येक खोली साधारण १६२ चौरस फुटांची आहे, तेव्हा सैल थर साडेसात इंचांच्या आसपास बसतो. पाणी मारून, धुम्मस करून तो ६ इंचांवर आला, तर घट पाचवा हिस्सा आहे. साडेपाच इंचांवर आला, तर माल अंदाजापेक्षा जास्त बसणारा आहे आणि सोळाऐवजी साडेसतरा ब्रास लागतील. भिंतीवर आतून खडूने रेघ मारून ठेवली की माप घेणं सोपं जातं.

या चाचणीतून हिशेबाचा ताळाही मिळतो. एका ट्रॉलीत एका खोलीचा ६ इंचांचा एक थर होतो. २ फुटांना चार थर, खोल्या चार, म्हणजे सोळा ट्रॉल्या. उताराच्या खालच्या बाजूला थर जास्त पडतील, वरच्या बाजूला कमी, बेरीज तीच.

थर पातळ ठेवण्याला कारण आहे. धुम्मसाचा ठोका वरच्या काही इंचांपुरताच पोचतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामात जोत्याचा भराव २० सेंटिमीटरहून जाड नसलेल्या थरांत टाकून प्रत्येक थर पाणी मारून धुम्मस करावा लागतो. म्हणजे साधारण ८ इंच. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी दोन फूट माती एकदम ओततात आणि जोत्यात पाणी सोडून देतात. वाळूच्या भरावाला पाण्याने मदत होते. मातकट मुरुमाचा मात्र चिखल होतो, ओला भराव नव्या भिंतींना बाहेर रेटतो, आणि पाणी आटल्यावर आत पोकळ्या राहतात.

पाणी किती, हे सांगण्याचा मान रॅल्फ प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याकडे जातो. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठ्यासाठी मातीची धरणं बांधताना मिळालेला अनुभव त्याने १९३३ मध्ये लेखांतून मांडला. त्याने दाखवलं, की तेवढ्याच ठोक्यांत माती सगळ्यात घट्ट बसते ती एका ठरावीक ओलाव्याला. त्याहून कोरडी असली तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत, त्याहून ओली असली तर पाणीच जागा अडवून बसतं. घराच्या कामावर यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर मुरूम घट्ट दाबावा. गोळा झाला, हाताला पाणी सुटलं नाही आणि बोटाने दाबल्यावर त्याचे दोन-तीन तुकडे झाले, की ओलावा योग्य. थर बसला की नाही ते बघायला १२ मिलिमीटरची सळई हाताने दाबावी. कोपऱ्यांत आणि भिंतीलगत ती सहज आत शिरते, कारण मजूर तिथे धुम्मस करायचं टाळतात. फरशी पहिल्यांदा तिथेच खचते.

रस्त्याच्या किंवा बंधाऱ्याच्या भरावात पुढे माती बसेल म्हणून माथा मुद्दाम थोडा उंच ठेवता येतो. जोत्यात ही सोय नाही. वर सोलिंग आणि काँक्रीट आलं की भरावाला जे बसायचं ते आधीच बसून झालेलं असावं लागतं. दोन फुटांचा भराव फरशीनंतर नुसता ५ टक्के बसला, तरी खाली सव्वा इंचाची पोकळी तयार होते. काँक्रीट काही काळ तिच्यावर पुलासारखं तरंगतं, मग कपाट किंवा पलंगाच्या पायाखाली तडकतं.

गावाकडे भराव करून एक पावसाळा जोतं तसंच सोडण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. पहिल्या भिजण्यात सैल राहिलेली जागा उघडी पडते. पण धुम्मसाऐवजी पाऊस चालत नाही. तो वरून भिजवतो, खालचे थर दाबत नाही. पावसानंतर भिंतीवरची खडूची रेघ बघावी. आपल्या घरात भराव सगळीकडे एक इंच उतरला असेल, तर ५४ घनफूट जागा रिकामी झाली. तिला ०.८ ने भागलं की ६७ घनफूट, म्हणजे ट्रॉलीला थोडा कमी पाऊण मुरूम आणखी लागतो. जुना पृष्ठभाग पहारीने खरवडून, पाणी मारून तो टाकावा, धुम्मस करावी आणि मगच सोलिंगचे दगड लावायला घ्यावेत.