पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरचे तिकीट

मॅन्युअल टेस्टिंगच्या मुलाखतीत अनुभव नसलेल्या उमेदवाराला पेन कसे तपासाल, लिफ्ट कशी तपासाल असे विचारण्याची जुनी पद्धत आहे. त्यांची उत्तरे आता सगळ्यांनाच पाठ असतात. मला एसटीच्या सवलतीचा प्रश्न जास्त आवडतो, कारण नियम घरोघरी माहीत आहे आणि तरी तो तपासायला बसले की अवघड होतो. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, 75 पूर्ण झालेल्यांना 2022पासून प्रवास मोफत आणि महिलांना 2023पासून अर्धे तिकीट. समजा, हा नियम पाळणारे तिकीट बुकिंगचे एक नवे अ‍ॅप तयार झाले आहे आणि एका मार्गाचे पूर्ण भाडे 200 रुपये आहे. लिहा टेस्ट केसेस.

बहुतेक जण लगेच लिहायला लागतात: वय 70 टाका, अर्धे भाडे येते का बघा, वय 80 टाका, शून्य येते का बघा. यात चूक काही नाही, पण या केसेसना दोष सापडण्याची शक्यता फार कमी. 66पासून 73पर्यंतच्या सगळ्या वयांना प्रोग्राम एकाच वाटेने नेतो, त्यामुळे त्यातले एक वय तपासले की पुरे. चुका होतात त्या नियम जिथे बदलतो तिथे. म्हणून प्रवासाची तारीख 15 मे 2026 पक्की धरायची आणि वयाऐवजी जन्मतारखा निवडायच्या. 16 मे 1961 रोजी जन्मलेल्याचे 65वे वर्ष पूर्ण व्हायला एक दिवस बाकी आहे, त्याला 200 रुपये. 15 मे 1961 असेल तर आजच 65 पूर्ण, म्हणून 100. तसेच 16 मे 1951ला 100 आणि 15 मे 1951ला शून्य. या चार केसेस पन्नास ढोबळ केसेसपेक्षा जास्त कामाच्या आहेत. पुस्तकात या पद्धतीला बाउंड्री व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस म्हणतात. नाव आठवले नाही तरी चालते, तारखा बरोबर निवडता आल्या पाहिजेत.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. या चारही केसेसमध्ये प्रवासी पुरुष आहे, असे आधीच्या अटींत लिहायला हवे. महिलेला अर्धे तिकीट कोणत्याही वयात मिळतेच. त्यामुळे 64 वर्षांच्या बाईंचे तिकीट 100 रुपये आले, तर ज्येष्ठांची सवलत एक दिवस आधी सुरू झाल्याचा दोष दिसणारच नाही. केस मात्र पास झाल्याची नोंद होईल. उलट 68 वर्षांच्या बाईंसाठी एक वेगळी केस लागते: दोन अर्ध्या सवलती एकत्र होऊन तिकीट शून्यावर तर जात नाही ना? चांगली टेस्ट केस अशीच सुचते, दोन नियम एकमेकांना कुठे भेटतात ते शोधताना. प्रत्येक केसमध्ये आधीची स्थिती, टाकायची माहिती, पायऱ्या आणि अपेक्षित निकाल लिहायचा असतो. अपेक्षित निकाल अ‍ॅप उघडण्याआधी लिहिलेला असावा. नंतर लिहिला की पडद्यावर दिसलेला आकडाच बरोबर वाटू लागतो.

आणि एक प्रश्न उमेदवाराने विचारायला हवा, तो फार थोडे विचारतात: वय बुकिंगच्या दिवशीचे धरायचे की प्रवासाच्या दिवशीचे? आजोबांनी 1 मेला तिकीट काढले आणि वाढदिवस 15 मेला, प्रवासही त्याच दिवशी, तर त्यांना भाडे पडावे का? याचे उत्तर अंदाजाने ठरवणे टेस्टरचे काम नाही. ज्याने नियम लिहून दिला त्याला विचारायचे. हा प्रश्न ऐकला की माझे निम्मे मत तिथेच तयार होते. समजा, उत्तर मिळाले: प्रवासाच्या दिवशीचे.

आता केस चालवली आणि 15 मे 1951च्या प्रवाशाला शून्याऐवजी 100 रुपये आले. बग सापडला. पण तो लगेच नोंदवू नये, आणखी दोन जन्मतारखा टाकून बघाव्यात. 15 मे 1950, म्हणजे 76 पूर्ण, तिथे शून्य येते. 16 मे 1950, म्हणजे 76ला एक दिवस कमी, तिथे 100. म्हणजे दोष वाढदिवसाच्या एका दिवसापुरता नाही, 75 वर्षांच्या प्रत्येकाला वर्षभर अर्धे भाडे पडते आहे. कोडमध्ये बहुधा असे घडले असेल:

```
if (age > 75) fare = 0;   // हवे होते: age >= 75
```

टेस्टरला कोड दिसला नाही तरी या दोन तारखांनी डेव्हलपरला थेट त्या ओळीपर्यंत नेले. रिपोर्टचे शीर्षक मग ‘सवलत चालत नाही’ असे न राहता ‘75 पूर्ण, 76 अपूर्ण असलेल्या प्रवाशाला मोफतऐवजी 100 रुपये आकारले जातात’ असे होते. खाली अ‍ॅपची आवृत्ती, फोन, टाकलेली जन्मतारीख आणि प्रवासाची तारीख, क्रमाने पायऱ्या, काय यायला हवे होते, काय आले, पडद्याचा फोटो. ‘माझ्याकडे तर होत नाही’ म्हणून परत येणारे बहुतेक रिपोर्ट टाकलेली माहिती न लिहिल्यामुळे परत येतात. इथे प्रवासाची तारीख राहिली असती, तर डेव्हलपरने पुढच्या वर्षीची तारीख टाकून शून्य आणले असते आणि बग बंद केला असता.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो सिव्हेरिटी आणि प्रायॉरिटीत. दोषामुळे किती नुकसान होते ती सिव्हेरिटी, आणि ती टेस्टर ठरवतो. दुरुस्ती कधी करायची ती प्रायॉरिटी, आणि ती उत्पादनाची जबाबदारी असलेला माणूस ठरवतो. जिरामध्ये प्रायॉरिटीचा रकाना तयार मिळतो आणि सिव्हेरिटीचा वेगळा जोडावा लागतो, त्यामुळे अनेक ठिकाणी दोन्ही एकाच रकान्यात कोंबले जाते आणि नवशिक्यांना फरक दिसतच नाही. कंपनीच्या लोगोतल्या चुकीचे उदाहरण सगळे देतात. आपल्याच अ‍ॅपमधले घ्या. योजनेचे नाव ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’, आणि पहिल्या पडद्यावर त्यातला ‘अ’ गळला. हिशेब बरोबर, तिकीट बरोबर, म्हणून सिव्हेरिटी कमी; पण अ‍ॅप उद्या लोकांसमोर जाणार असेल, तर आज रात्रीच दुरुस्त व्हायला हवे.

उलट बाजू अशी. सवलतीची रक्कम सरकारकडून मागण्यासाठी महिनाअखेरीला एक अहवाल निघतो आणि त्यातली बेरीज चुकते. पैशांचा हिशेब चुकतो, म्हणून सिव्हेरिटी मोठी. पण आज महिन्याची 3 तारीख असेल, तर ही दुरुस्ती दोन आठवडे थांबू शकते. 28 तारखेला तोच बग सगळ्यांच्या वर जातो. दोषात काही बदलले नाही, नुकसानही तेवढेच. बदलली ती फक्त वेळ, आणि तिच्याबरोबर प्रायॉरिटी. हे स्वतःहून सांगणाऱ्या उमेदवाराला व्याख्या विचारायची गरजच उरत नाही.

मी शेवटी विचारतो: तुम्हाला गंभीर वाटणारा बग मॅनेजरने पुढच्या आवृत्तीवर ढकलला, तर काय कराल? अनेक जण म्हणतात, सिव्हेरिटी वाढवून पुन्हा नोंदवू. तसे दोन-तीनदा केले की त्या टेस्टरच्या ‘क्रिटिकल’वर कुणी विश्वास ठेवत नाही. सिव्हेरिटी आहे तीच ठेवायची आणि मॅनेजरला निर्णयासाठी लागणारी माहिती रिपोर्टखाली जोडायची: 75 वर्षांच्या प्रत्येक प्रवाशाला भाडे पडते, अ‍ॅपवर दुसरा मार्ग नाही, पैसे परत करण्याची सोय अजून तयार नाही. तरीही त्यांनी थांबायचे ठरवले, तर अ‍ॅपसोबत जाणाऱ्या माहीत असलेल्या दोषांच्या यादीत तो लिहिला गेला आहे याची खात्री करायची आणि पुढच्या आवृत्तीत सगळ्यात आधी त्याच जन्मतारखा टाकून बघायच्या.