शुक्रवारची मुदत आणि दुसरीकडचा निकाल

समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका इंजिनिअर मुलीला मंगळवारी ऑफर लेटर आलं. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत होकार कळवा, असं त्यात लिहिलंय. तिचं मन मात्र दुसऱ्याच कंपनीत अडकलंय. तिथली शेवटची मुलाखत झाली आहे आणि एचआर ‘पुढच्या आठवड्यात कळवतो’ एवढं बोलून मोकळा झालाय. अशा वेळी बहुतेक जण लगेच पहिल्या कंपनीकडे मुदत मागायला धावतात. माझ्या मते पहिला फोन दुसऱ्या कंपनीला करावा. किती दिवस लागणार हेच माहीत नसेल, तर मागणार काय?

फोनवर सरळ विचारावं, “माझ्या हातात ऑफर आहे, शुक्रवारी उत्तर द्यायचंय. तुमच्याकडे नेमकं काय बाकी आहे?” ‘पगाराची मंजुरी राहिली आहे, सोमवारी होईल,’ असं उत्तर आलं तर थांबण्यात अर्थ आहे. ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच पुन्हापुन्हा ऐकू आलं, तारीख काही मिळेना, तर बऱ्याचदा दुसऱ्या कुणाला तरी आधी विचारलेलं असतं आणि आपण राखीव असतो. तिथे आठवडाभर वाढवून घेऊनही फारसं काही हाती लागत नाही.

सोमवार कळला की बुधवारीच पहिल्या कंपनीला मेल करावा, शुक्रवारी दुपारी नव्हे. मजकूर एवढाच: ‘ऑफरबद्दल आभार. कामात मला खरोखर रस आहे. आणखी एका ठिकाणची निवडप्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे. मंगळवारी संध्याकाळपर्यंत वेळ दिलात तर त्या दिवशी नक्की उत्तर देईन.’ दुसऱ्या कंपनीचं नाव सांगायची गरज नाही. आजारी आजीला मध्ये आणायचीही नाही. नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा असेल, तर चार दिवसांनी कंपनीचं फार काही बिघडत नाही. एचआरला धास्ती असते ती वेगळी: ही ऑफर दाखवून उमेदवार दुसरीकडे पगार वाढवून घेईल आणि तोवर यादीतला पुढचा माणूसही हातचा जाईल.

धोका आहेच. भारतीय करार कायदा, 1872 नुसार होकार कळवण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो आणि दिलेली मुदत उलटली की तो आपोआप संपतो. म्हणजे शुक्रवारपर्यंतसुद्धा ऑफर टिकेलच अशी खात्री नसते. व्यवहारात नम्रपणे चार दिवस मागितले म्हणून कंपनी सहसा ऑफर काढून घेत नाही, फार तर ‘नाही’ म्हणते. तसं झालं तर दुसरी कंपनी नाहीच असं धरून शुक्रवारी निर्णय घ्यावा.

कंपनी ‘हो’ म्हणाली, तर ते फोनवर सोडू नये. नवी तारीख मेलवर मागून घ्यावी. होकार पोर्टलवरून द्यायचा असेल, तर तिथली तारीखही बदलायला सांगावी. नाहीतर फोनवरच्या माणसाने मंगळवार दिलेला असतो आणि लिंक शुक्रवारी सहाला बंद पडते.