‘जी’ आणि ‘ती’ यांच्या मधलं अंतर

अवजड वाक्य कसं सोडवायचं, यावर आपण इथे बऱ्याचदा बोललो आहोत. आज उलट बाजू पाहू. वाक्य अवजड दिसतं, आपला हात शिवशिवतो, पण त्याला हात लावायचा नसतो. असं वाक्य ओळखायचं कसं?

उदाहरण भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मधलं आहे. मनुष्यवध ‘खून’ केव्हा ठरतो, हे ते कलम सांगतं. त्यातला तिसरा प्रकार आम्ही आमच्या मराठीत असा मांडतो (हा काही अधिकृत अनुवाद नव्हे): कृत्य शारीरिक इजा करण्याच्या हेतूने केलेलं असेल, आणि जी इजा करण्याचा हेतू होता ती इजा निसर्गाच्या सामान्य क्रमात मृत्यू घडवायला पुरेशी असेल, तर तो खून.

‘इजा’ तीनदा, ‘हेतू’ दोनदा. कोणताही संपादक म्हणेल, एवढं कशाला? सरळ लिहा: ‘मृत्यू घडवायला पुरेशी इजा करण्याच्या हेतूने केलेलं कृत्य म्हणजे खून.’ वाक्य निम्म्यावर आलं आणि कानाला गोडही लागलं.

आता बघा काय झालं ते. ‘जी बादली घ्यायची होती ती गळकी निघाली’ आणि ‘मला गळकी बादली घ्यायची होती’ ही दोन वाक्यं एकच आहेत का? दुसऱ्यात गळकेपणा माझ्या इच्छेत शिरला. मराठीत विशेषण नामाच्या आधी नेऊन बसवलं की ते हेतूच्या पोटात जातं. ‘जी... ती’ची लांबण त्याला बाहेर ठेवते. कायद्याच्या वाक्यातही तेच आहे. ‘पुरेशी’ हा शब्द हेतूच्या बाहेर आहे. इजा करायचा हेतू आरोपीच्या मनात शोधायचा. ती इजा जीव घ्यायला पुरेशी होती का, हे मात्र वैद्यकीय पुराव्यावरून ठरवायचं. आरोपीला ते ठाऊक होतं का, हा प्रश्नच नाही.

हा वाद खरोखर झाला आहे. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९५८. भाल्याचा एकच घाव पोटात बसला होता, आणि माणूस दुसऱ्या दिवशी दगावला. बचाव असा होता की, मृत्यूला पुरेशी ठरेल अशीच इजा करण्याचा हेतू सिद्ध झालेला नाही. म्हणजे आपल्या संपादकाचं सुटसुटीत वाक्यच! न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस (पूर्वी आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते) यांनी ते मानलं नाही. वाक्याचे दोन भाग वेगळे आहेत आणि ते वेगळेच वाचायचे, असं त्यांनी स्पष्ट केलं. अपील फेटाळलं गेलं. खुनाला जन्मठेपेपेक्षा कमी शिक्षा नाही, सदोष मनुष्यवधाला आहे. म्हणजे त्या ‘जी–ती’वर माणसाच्या आयुष्याची वर्षं अवलंबून होती.

बरं, मग दुसरीकडून कापू. ‘इजा करण्याच्या हेतूने कृत्य केलं आणि झालेली इजा मृत्यूला पुरेशी असेल, तर खून.’ इथे ‘पुरेशी’ हेतूच्या बाहेरच राहिली, छान. पण समजा, एकाने दंडावर वार करायला सुरा उगारला, समोरचा अचानक वळला आणि सुरा छातीत घुसला. इजा करायचा हेतू होता, झालेली इजा पुरेशी होती, म्हणजे या वाक्याप्रमाणे या प्रकारात खून. मूळ वाक्याप्रमाणे नाही, कारण छातीतली इजा अभिप्रेतच नव्हती. ‘जी इजा करण्याचा हेतू होता ती’ हे पाल्हाळ त्याच माणसासाठी लिहिलं आहे.

आम्ही वापरतो ती कसोटी इथूनच आली. नवं वाक्य लिहून झालं की एक माणूस कल्पायचा, जो जुन्या वाक्यात बसतो पण नव्यात बसत नाही, किंवा उलट. वर पहिल्या बदलाने भालेवाला निसटला, दुसऱ्याने सुरेवाला अडकला. असा एक जरी सापडला, तरी जुनं वाक्य परत ठेवायचं. दहा मिनिटं प्रामाणिकपणे शोधूनही सापडला नाही, तर खुशाल बदला. मात्र शोधताना नेहमीची प्रकरणं घेऊ नका. त्यांत दोन्ही वाक्यं सारखीच वागतात, आणि तिथेच फसगत होते. काठावरची घ्या.

या वाक्याचं सगळंच अस्पर्श आहे असं मात्र नाही. ‘तर तो खून’ हे आधी घ्या, एका वाक्याची दोन करा, ‘शारीरिक इजा’ऐवजी सगळीकडे ‘जखम’ लिहायचा मोह सोडून (आतड्याला बसलेला मुका मार ‘जखम’ शब्दात सहज बसत नाही) बाकी मांडणी मोकळी करा, कुणी निसटत नाही. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तेव्हा कलमांचे क्रमांक बदलले आणि ३०० चं १०१ झालं. या तिसऱ्या प्रकारातली ही दुहेरी रचना मात्र तिथेही तशीच आहे, ‘इजा’च्या पुनरुक्तीसकट.